उन्हासमोरचा शॉट, बदललेला चेहरा आणि त्यावरची धूसर झाक: चेहरा चिकटवल्यासारखा दिसतोय, काय करू?

सिडकोचा_संकलक | रविवार, रात्री १०.४०

मंडळी, एका लघुपटाचं काम घरीच करतोय. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला संध्याकाळी एक शॉट घेतला होता. नायक पाण्याच्या कडेने कॅमेऱ्याकडे पळत येतो, मावळतीचा सूर्य त्याच्या मागे. शूटच्या आदल्या दिवशी नायकाचा पाय मुरगळला, म्हणून त्याच बांध्याचा दुसरा मुलगा पळाला. आता त्याच्या चेहऱ्यावर नायकाचा चेहरा बसवायचाय. दोघांची लेखी परवानगी आहे, तो विषय इथे नको.

चेहरा डीपफेसलॅबमधून काढला. सावलीतल्या शॉट्सना मस्त बसला. पण या शॉटमध्ये लेन्स सूर्याकडे असल्यामुळे सगळ्या फ्रेमवर पिवळसर धूसर झाक आहे आणि गालावर एक हिरवट अष्टकोनी डाग सरकत जातो. बदललेला चेहरा मात्र स्वच्छ, काळाभोर कॉन्ट्रास्ट असलेला. जत्रेतला मुखवटा दिसतो अगदी. वरून बाजारातला तयार फ्लेअर 'स्क्रीन'ने टाकला, तर चेहरा जरा मऊ झाला, पण केस आणि जॅकेट दुप्पट धुरकट झाले.

शॉट ११८ फ्रेमचा आहे, २५ च्या गतीने. लेन्स जुनी रशियन ५८ मिमी. मधल्या काही फ्रेममध्ये सूर्य डोक्यामागे पूर्ण लपतो आणि पुन्हा बाहेर येतो. तिथे तर हसू येतं, कारण सगळी फ्रेम भक्कन बदलते आणि चेहरा ढिम्म.

---

पंचवटी_एक्स्प्रेस | रविवार, रात्री ११.०५

सोपं आहे भाऊ. मर्ज करताना कलर ट्रान्सफर `rct` ठेव. तो मूळ चेहऱ्याची सरासरी आणि पसारा बघून नवीन चेहऱ्याला तसाच करतो. धूसरपणा म्हणजे शेवटी काय, कॉन्ट्रास्ट कमी आणि काळा वर उचललेला. ते आपोआप येतं. उरलेलं कर्व्हमध्ये काळा थोडा वर ओढ. मी दोन जाहिरातींत असंच केलं, कोणी विचारलंसुद्धा नाही.

---

द्राक्षबाग | सोमवार, सकाळी ७.१५

डिसेंबर-जानेवारीत शूट केलं असेल तर ते धुकं असणार. बॅकवॉटरला सकाळ-संध्याकाळ पाण्यावर थर बसतोच, आमच्या बागेतून रोज दिसतो. डिहेझचा स्लायडर आहे की, तो पूर्ण फ्रेमला लावा, चेहरा बसवा, मग तोच स्लायडर उलट्या बाजूला ओढा. मी द्राक्षाच्या घडांचे फोटो असेच साफ करतो.

---

सिडकोचा_संकलक | सोमवार, सकाळी ९.३०

@पंचवटी_एक्स्प्रेस, `rct` लावूनच बघितलं होतं. थोडं बरं झालं, पण सूर्याकडचा गाल आणि पलीकडचा गाल सारखेच धूसर येतात. आणि चेहरा फ्रेमगणिक श्वास घेतल्यासारखा उजळतो-मावळतो.

@द्राक्षबाग काका, शूट मार्चमधलं आहे, धुकं नव्हतं. आणि सूर्य डोक्यामागे गेला की झाक एका फ्रेममध्ये गायब होते. धुकं असं जाईल का?

---

काजळरेघ | सोमवार, रात्री ९.५०

मूळची नाशिकच्या मेरीची, आता मुंबईत कंपॉझिटिंग करते. हा शॉट प्रकार वर्षातून एक-दोनदा वाट्याला येतोच, म्हणून लिहिते.

काका, तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट बरोबर आहे. दोन्हीत चित्रावर जादाचा उजेड पसरतो. पण धुकं अंतरावर चालतं, लांबची झाडं जास्त बुडतात, जवळचा माणूस कमी. लेन्समधली झाक अंतर ओळखतच नाही. ती काचेच्या आत उधळलेल्या उजेडाची आहे. माणूस दहा फुटांवर असो की मागचा डोंगर, सूर्याच्या चित्रापासून सारख्या अंतरावर असतील तर झाक जवळपास सारखीच. डिहेझ ठिकठिकाणी आपला अंदाज लावून वेगवेगळं खेचतो, म्हणून तो उलटा फिरवला तरी जिथून निघालात तिथे परत येत नाही.

`rct` बद्दल: तो संपूर्ण चेहऱ्याला मिळून एकच उत्तर देतो, त्यामुळे डावा-उजवा गाल सारखे होणारच. आणि मास्कमध्ये केसांची बट किंवा कानामागची उन्हाची कड एखाद्या फ्रेमला आली, पुढच्या फ्रेमला गेली की सरासरी हलते. ते 'श्वास घेणं' तिथून येतं. सपाट उजेडाच्या शॉटला चालून जातं, इथे नाही.

आता मुद्दा. ही झाक बेरीज आहे. सेन्सरवर दृश्याचा उजेड पडतो आणि त्यावर लेन्सने उधळलेला उजेड पडतो, दोन्ही मिळून एक आकडा. म्हणून झाक नवीन चेहऱ्यावर *रंगवायची* नाही. आधी मूळ फुटेजमधून ती वजा करायची, स्वच्छ चेहऱ्यावर अदलाबदल करायची आणि वजा केलेलीच झाक परत मिळवायची.

```
clean = plate - flare
final = swap*mask + clean*(1-mask) + flare
```

दुसरी ओळ नीट बघ. मास्कच्या बाहेर वजा केलेलं आणि मिळवलेलं एकच आहे, तेव्हा तिथे मूळ फुटेज जसंच्या तसं परत येतं. केस दुप्पट धुरकट होण्याचा प्रश्नच मिटतो. झाकेचा अंदाज थोडा चुकला तरी त्याची किंमत फक्त मास्कच्या आत मोजावी लागते.

पण हे लिनियरमध्येच खरं आहे. लॉगवर किंवा टीव्हीसाठी रंगवलेल्या चित्रावर वजाबाकी केलीस तर वाट लागेल. आणि स्क्रीनने काम भागवू नकोस. ते १ च्या वर जाऊ नये म्हणून उजेड दाबतं आणि आपल्याकडे सूर्याची कड १ च्या कितीतरी वर असते.

तीन गोष्टी सांग: कॅमेऱ्याने लॉग घेतलंय का, लेन्ससमोर एनडी फिल्टर होता का आणि फुटेज स्टॅबिलाइझ केलंय का.

---

सिडकोचा_संकलक | सोमवार, रात्री १०.२०

ताई, खूप आभार. लॉग आहे, १० बिट. एनडी होता, गोल फिरवायचा. स्टॅबिलाइझ केलंय, मी मागे मागे पळत हातात धरून घेतला होता. काम फ्यूजनमध्ये करतोय.

---

काजळरेघ | सोमवार, रात्री ११.१०

स्टॅबिलाइझ केलेलं बाजूला ठेव, मूळ क्लिपवर काम कर. चेहरा बसवून झाक परत टाकल्यावर सगळं एकत्र स्टॅबिलाइझ कर. कारण सांगते. तो हिरवा अष्टकोन म्हणजे लेन्सच्या काचांमध्ये उजेडाने खाल्लेल्या उसळ्या. तुझ्या लेन्सच्या आतल्या पडद्याला आठ पाती आहेत म्हणून आकार आठ बाजूंचा. असे सगळे डाग सूर्यापासून निघून लेन्सच्या मध्यातून जाणाऱ्या एकाच रेषेवर बसतात. मूळ फ्रेममध्ये लेन्सचा मध्य म्हणजे फ्रेमचा मध्य. स्टॅबिलायझर दर फ्रेमला चित्र सरकवतो, मग तो मध्य भटकत राहतो आणि डाग कुठे असायला हवा याचा हिशोबच हातातून जातो.

तपासायचं असेल तर दोन फ्रेम घे, दोन्हीत सूर्य आणि डाग यांच्यातून रेघ ओढ. त्या एकमेकींना कुठे छेदतात ते बघ. मधोमध छेदल्या तर तू मूळ क्लिपवर आहेस.

एनडी विचारला कारण सपाट काचेमुळे सूर्याची एक फिकी प्रतिमा मध्याच्या बरोबर पलीकडे, तिरकी समोरासमोर दिसते. तुझ्या शॉटमध्ये ती बहुधा जॅकेटवर किंवा जमिनीवर असेल. चेहऱ्यावर येत नसेल तर तिला हातही लावू नकोस.

आता झाक मोजायची कशी. चेहऱ्याच्या आसपास अशा जागा शोध ज्या खरंतर काळ्या असायला हव्यात: केस, कॉलरची आतली बाजू, जॅकेट. लॉगचं लिनियर करून तिथले लाल-हिरवा-निळा आकडे वाच. उन्हाची कड लागलेली जागा घेऊ नकोस, कॅमेऱ्याकडे तोंड असलेलीच घे.

आणि तुझं नशीब बघ, सूर्य डोक्यामागे लपतो त्या फ्रेम तुझ्याकडे आहेत. सेटवर आम्ही मुद्दाम कोणाला तरी हाताने सूर्य अडवायला लावतो, दोन सेकंद, म्हणजे झाकेशिवायचं चित्र मिळतं. तुझ्या नायकाच्या डोक्याने ते काम फुकटात केलंय. त्या फ्रेममध्ये जॅकेट किती काळं आहे ते वाच, तो झाला पाया. बाकी फ्रेममध्ये त्याच्या वर जे काही असेल ती झाक.

---

लग्नसराई_फोटो | मंगळवार, दुपारी १२.३०

माझं पण असंच झालंय. सोमेश्वरला प्री-वेडिंग केलं, नवरीच्या नाकावर बरोबर गुलाबी ठिपका. नवरीची आई म्हणते कुंकू सांडलंय का. मला चेहरा बदलायचा नाही, फक्त ठिपका घालवायचाय. हीलिंग ब्रशने नाकाचा आकारच गेला. वजाबाकी फोटोला चालेल का? जेपेग आहे.

---

काजळरेघ | मंगळवार, दुपारी १.४५

रॉ असेल तर शंभर टक्के चालेल. ठिपक्याच्या आकाराचा मऊ गुलाबी गोल बनवून लिनियरमध्ये वजा करा, नाकाचा पोत खाली शाबूत असतो. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने आधीच कॉन्ट्रास्ट घातलाय, तेव्हा अंदाजपंचे होईल. मोबाइलचा फोटो असेल तर सोडूनच द्या. तो प्रत्येक कोपऱ्याला वेगळा उजळवतो, बेरीज शिल्लकच राहत नाही.

---

सिडकोचा_संकलक | मंगळवार, रात्री ११.५५

आजचा अहवाल. लिनियर केलं आणि तीन जागी आकडे वाचले. सूर्य लपलेल्या फ्रेममध्ये (६४ ते ७१) जॅकेट ०.०२ च्या आसपास. फ्रेम ३० ला, सूर्य उजव्या खांद्यावर असताना, त्याच जॅकेटचे आकडे लाल ०.०८, हिरवा ०.०६५, निळा ०.०४५. उजव्या कानाजवळच्या केसांत लाल ०.१३ पर्यंत. म्हणजे झाक चेहऱ्याच्या एका टोकाला जवळपास दुप्पट आहे आणि रंगाने पिवळी-नारिंगी.

तीन जागांच्या आकड्यांवरून एक उतार बनवला, खूप ब्लर केला आणि `ChannelBooleans` ने वजा केला. चेहरा उघडा पडला! पण एक गंमत झाली. त्वचा चक्क निळसर निघाली. सूर्य मावळताना निळा चेहरा? काहीतरी जास्त वजा झालंय असं वाटलं म्हणून झाकेतला लाल कमी केला.

दुसरं, हिरवा अष्टकोनही त्याच पद्धतीने वजा केला. जॅकेटच्या कॉलरवरून तो पूर्ण पुसला जातो, पण गालावर त्याची कडा उरते. गालासाठी वाढवला तर कॉलरवर काळा अष्टकोन उमटतो.

---

पंचवटी_एक्स्प्रेस | बुधवार, सकाळी ८.२०

निळा चेहरा नक्कीच चूक. गोल्डन अवरला स्किन वॉर्मच पाहिजे. लाल कमी केलास ते बरोबर केलंस.

---

काजळरेघ | बुधवार, रात्री ९.१५

नाही हो, लाल परत आहे तेवढा कर. विचार करा, तो पळतोय पूर्वेकडे तोंड करून. ऊन त्याच्या पाठीवर. चेहऱ्यावर उजेड कुठून येतोय? समोरच्या, म्हणजे पूर्वेच्या मोकळ्या आभाळातून. ते निळंच असतं. आपल्याला शॉटमध्ये चेहरा सोनेरी दिसतो तो जवळजवळ सगळा लेन्सने फासलेला सोनेरी आहे. झाक काढली की खालून थंड चेहरा निघणार, हेच तर हवंय. म्हणूनच तुझा पहिला प्रयत्न मुखवटा दिसत होता. नायकाचा चेहरा सोनेरी करून वर पुन्हा सोनेरी झाक, दोनदा हळद.

याच्याच ओघात विचारते, नायकाचे चेहऱ्याचे शॉट कशात घेतलेस? ट्यूबलाइटखाली किंवा समोरून ऊन घेऊन घेतले असतील तर नाकाची सावली आणि बारीक केलेले डोळे घेऊन तो येईल. पाठीवर ऊन असलेला माणूस डोळे बारीक करत नाही.

अष्टकोनाचं निदान सोपं आहे. डाग हा बेरजेचा आहे, तेव्हा काळ्या कॉलरवर आणि उजळ गालावर त्याची भर *सारखीच* पडलेली असते. एकीकडे पुसला जातो आणि दुसरीकडे उरतो याचा अर्थ तुझं चित्र खरं लिनियर नाहीये. लॉगचा चुकीचा कर्व्ह निवडलायस किंवा मध्ये कुठेतरी टोन मॅपिंग चालू राहिलंय. या डागासारखा फुकटचा तपासनीस मिळत नाही. दोन्हीकडे एकाच आकड्याला पुसला गेला की समज पुढचं सगळं गणित खरं.

---

सिडकोचा_संकलक | बुधवार, रात्री ११.३०

ताई, दंडवत! कलर स्पेस ट्रान्सफॉर्ममध्ये टोन मॅपिंग सुरूच होतं. बंद केलं, वर कॅमेऱ्याच्या लॉगची जुनी आवृत्ती निवडली होती तीही सुधारली. अष्टकोन कॉलर आणि गाल दोन्हीकडून एकाच आकड्याला गेला. लाल ०.०१, हिरवा ०.०३, निळा ०.०१५.

अष्टकोन मधल्या भागाला सपाट ठेवला आणि काठाला जरा उजळ, कारण फुटेजमध्ये तसाच आहे. अर्थात कर्व्ह बदलल्यामुळे जॅकेटचे सगळे आकडे पुन्हा वाचावे लागले. एक रात्र गेली.

नायकाचे शॉट हॉलमध्ये ट्यूबखाली घेतलेत. उद्या संध्याकाळी त्याला गच्चीवर नेतो, पश्चिमेकडे पाठ करून.

---

भद्रकाली_बिट्स | गुरुवार, दुपारी ३.००

दोन दिवस वाचतोय. मला वाटतं तुम्ही उगाच कष्ट घेताय. मॉडेलला शिकवतानाच झाक असलेले चेहरे द्या. नायकाच्या स्वच्छ फोटोंवर वेगवेगळ्या प्रमाणात उजेड मिळवून संच वाढवा. मॉडेल झाकेसकट चेहरा काढायला शिकेल, वजाबाकी नको की बेरीज नको.

---

काजळरेघ | गुरुवार, रात्री १०.०५

काही अंशी पटतं. हलकी, एकसारखी झाक मॉडेल सांभाळून घेतं हे मीही पाहिलंय. आणि झाकेतला चेहरा ओळखायला, डोळे-ओठ नीट जागेवर पकडायला असा संच उपयोगी पडतोच. पण सरकता अष्टकोन त्याच्या भरवशावर सोडायला माझं मन धजत नाही. मॉडेलला तो डाग लेन्सचा की गालाचा ते कळत नाही. माझ्या एका शॉटमध्ये त्याने डागाचं गालफुगीत रूपांतर केलं होतं, दात दुखत असल्यासारखं. आणि मॉडेलने काढलेली झाक मास्कच्या काठाशी मूळ झाकेला जुळेलच असं नाही. वजाबाकी केली की काठाचा प्रश्नच येत नाही.

---

भद्रकाली_बिट्स | गुरुवार, रात्री १०.४०

माझ्याकडे दोन आठवडे प्रशिक्षण दिलेलं मॉडेल आहे, काठसुद्धा जुळतो. शॉटवर अवलंबून असेल. मी माझं म्हणणं सोडत नाही :)

---

सिडकोचा_संकलक | शनिवार, रात्री १.१०

गच्चीवरच्या शॉट्सनी खूपच फरक पडला. डोळे उघडे, नाकाची सावली नाही, कपाळावर आभाळाचा उजेड. नायक म्हणाला, "घरीच बसवायचं होतं तर मला पळायला लावायचा बेत कशाला केलास?"

साफ केलेल्या फ्रेम ८ बिट पीएनजी करून डीपफेसलॅबला दिल्या, चेहरा परत आणून लिनियर केला, झाक आणि अष्टकोन मिळवले. फ्रेम १ ते ५५ बघताना मलाच कळेना कुठला चेहरा कोणाचा.

पण तीन ठिकाणी अडलोय. एक, फ्रेम ५८ ते ६४ आणि पुन्हा ७१ ते ७६, म्हणजे सूर्य कानामागे शिरतो आणि निघतो तिथे चेहरा लुकलुकतो. दोन, फ्रेम ४० च्या आसपास उजव्या गालाच्या कडेला निळसर-हिरवा पट्टा. तीन, चेहरा फार गुळगुळीत वाटतो, बाकी फ्रेममध्ये दाणा आहे.

---

काजळरेघ | शनिवार, सकाळी ११.००

लुकलुकणं: तू आकडे किती फ्रेमांनी वाचलेस? माझा अंदाज, चार-पाच फ्रेमांनी. सूर्य मोकळा असताना तेवढं पुरतं. पण तो कानाआड शिरताना दोन-तीन फ्रेममध्ये झाक निम्मी होते, केसांच्या फटीतून पुन्हा उसळी मारते. तिथे प्रत्येक फ्रेमचा आकडा हाताने वाच, मधला अंदाज चालणार नाही. आणि तिथे कीफ्रेमच्या मऊ वळणांऐवजी सरळ रेघा ठेव, नाहीतर सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने वर-खाली झोका घेतं. न्यूक असतं तर `CurveTool` ने चौकटीची सरासरी आपोआप निघाली असती. फ्यूजनमध्ये बारा-तेरा फ्रेम हाताने वाचायला अर्धा तास लागेल.

अष्टकोन मात्र झाकेच्याच आकड्याला बांधू नकोस. सूर्य अर्धा झाकला तर झाक अर्धी होते, पण अष्टकोन फिका होण्याबरोबर एका बाजूने खाल्ल्यासारखाही दिसू शकतो. फुटेज बघून ठरव.

हिरवा पट्टा: तिथे मूळ फुटेजमध्ये लाल भरून गेलाय. उन्हाची कड आणि झाक मिळून सेन्सरची हद्द संपली, लाल कापला गेला. कापलेल्यातून पूर्ण झाक वजा केलीस, म्हणजे लालमधून जास्त गेलं, मग हिरवा-निळा वर दिसतो. तो भाग वाचवता येत नाही. मास्क तिथून पाच-सहा पिक्सेल आत घे आणि कड मूळ मुलाचीच राहू दे. उन्हाच्या कडेत कोण कोणाचा गाल ओळखतो! तीच गोष्ट १ च्या वरच्या सगळ्या उजेडाची. पीएनजीतून तो परत येतच नाही, मूळ फुटेजमधूनच घे.

याच लेन्सचा एक त्रास वेगळा सांगते. ती कडेचा उजेड पंधरा-वीस पिक्सेल आत गालावर सांडते. ही झाक तुझ्या मोठ्या उतारात बसत नाही, कारण ती कडेला चिकटून चालते. मी मूळ फुटेजमधला १ च्या वरचा भाग वेगळा काढून ब्लर करते, थोड्या प्रमाणात वजा करते आणि शेवटी तोच मिळवते. प्रमाण किती हे मला आजवर डोळ्यानेच ठरवावं लागलंय. कोणाकडे मोजायची रीत असेल तर मलाही हवी आहे.

दाणा: सगळ्यात शेवटी. झाकेचा उजेडही सेन्सरवरच पडलाय, त्याचाही दाणा त्यात आहे, म्हणून झाक मिळवायच्या आधी दाणा घातलास तर कमी पडेल. मूळ फुटेजचा दाणा काढलेली प्रत कर, मूळमधून ती वजा कर, उरतो तो निव्वळ दाणा. तो शेवटच्या चित्रावर फक्त मास्कच्या आत मिळव, बाहेर मूळचा दाणा आहेच. एकूण उजेड जवळपास मूळ इतकाच असल्यामुळे प्रमाण आपोआप जमतं. फक्त त्या दाण्याचा कॉन्ट्रास्ट खूप वाढवून एकदा बघ. त्यात पळणाऱ्या मुलाच्या भुवया दिसल्या तर दाणा काढताना तपशीलही खरवडला गेलाय. मग नव्या कपाळावर भुतासारख्या चार भुवया येतील.

---

द्राक्षबाग | शनिवार, दुपारी ४.३०

मी आपला शेतकरी माणूस, पण एक विचारतो. पाण्यावरचं चमकणं? सूर्य डोक्यामागे गेला तरी पाण्यातला सूर्य तर कॅमेऱ्याला दिसतच असणार. मग तुमच्या त्या 'झाकेशिवायच्या' फ्रेममध्ये झाक नाही कशी?

---

काजळरेघ | शनिवार, सायंकाळी ६.००

काका, शंभर नंबरी प्रश्न. आहेच ती. मी ०.०२ ला पाया म्हटलं त्यात पाण्याची झाक धरलेली असणार, म्हणजे जॅकेट खरंतर त्याहूनही काळं. तेवढी झाक वजाच झालेली नाही आणि नवीन चेहऱ्यावर ती कमी पडत असेल. मी अजून ०.००५ ते ०.०१ वजा करून बघेन, नाकपुड्या आणि बुबुळं उणे आकड्यात जायला लागली की थांबेन. पाण्याचं चमकणं लाटांबरोबर दर फ्रेमला हलतं, त्याचं काय करायचं हा प्रश्न मात्र उरतोच.

---

सिडकोचा_संकलक | रविवार, रात्री १०.१५

प्रत्येक फ्रेमला आकडे वाचून ५८ ते ६४ चं लुकलुकणं गेलं. ७१ ते ७६ मध्ये एक फ्रेम, ७३, अजून उडी मारते. केसांची बट बाजूला होऊन सूर्य एकाच फ्रेमला डोकावतो. आकडा बरोबर आहे, पण तिथे झाकेच्या उताराचाच आकार बदलतो असं दिसतंय. त्या एका फ्रेमसाठी वेगळा उतार बनवतोय.

हिरवा पट्टा मास्क आत घेऊन गेला. दाण्यात भुवया दिसल्या, दाणा काढणं सौम्य केलं, आता नाहीत. काकांच्या सांगण्यावरून अजून ०.००६ वजा केलं, जबड्याखालची सावली मूळसारखी बसली.

गालाच्या कडेचा सांडलेला उजेड २० टक्क्यांवर ठेवलाय. दिग्दर्शकाला १५ बरा वाटतो, मला २०. दोन्ही प्रती काढून उद्या कॉलेज रोडला मोठ्या टीव्हीवर बघणार आहोत.

---

लग्नसराई_फोटो | रविवार, रात्री १०.५०

रॉ सापडली! ठिपका गेला, नाक जागेवर आहे. गुलाबी गोल वजा करताना कडेला बारीक रिंग उरते, ती कशाने जाईल?

---

काजळरेघ | रविवार, रात्री ११.२०

गोलाचा काठ थोडा उजळ करा, ठिपक्याचाही तसाच असतो. फोटो १०० टक्के मोठा करून बघा, रिंग गडद आहे की फिकी. फिकी असेल तर काठ अजून उजळ, गडद असेल तर उलट.

@सिडकोचा_संकलक, ७३ चा उतार बनवताना ७२ आणि ७४ च्या मधला घेऊ नकोस. त्या फ्रेममध्ये केसांचा उजवा आणि डावा आकडा स्वतंत्र वाच.